भरती, निवड आणि कार्यमूल्यमापन : तुलनेचे उत्तर कसे लिहावे

मानव संसाधन व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकेत भरती, निवड आणि कार्यमूल्यमापन या तीन घटकांवर हमखास प्रश्न असतात आणि त्यांतले बरेचसे तुलनेचे असतात. अंतर्गत आणि बाह्य भरतीतील फरक, भरती आणि निवड यांतील फरक, मूल्यमापनाच्या पारंपरिक व आधुनिक पद्धतींची तुलना, अशा शब्दांत ते येतात. विद्यार्थी बहुधा पहिल्या पद्धतीचे वर्णन एका परिच्छेदात आणि दुसरीचे दुसऱ्या परिच्छेदात लिहितात व तिथेच थांबतात. ही दोन वर्णने झाली. तुलना झालीच नाही, कारण दोन्हींना एकच प्रश्न विचारला गेलेला नाही.

तो प्रश्न या तिन्ही घटकांना लागू पडेल असा असला तर तयारी सोपी होते. माझ्या मते असा प्रश्न एकच आहे : ही पद्धत कोणती चूक टाळते, आणि ती टाळताना कोणती नवी चूक करते? भरती, निवड आणि मूल्यमापन या तिन्ही टप्प्यांवर संस्था माणसांविषयी अपुऱ्या माहितीवर निर्णय घेत असते आणि प्रत्येक पद्धत त्या अपुरेपणावरचा एक उपाय असतो. पुढे एका काल्पनिक नागरी सहकारी पतसंस्थेचे उदाहरण घेतले आहे. तिच्या आठ शाखा असून तिला ६ कनिष्ठ लिपिक हवे आहेत. त्यातले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेले आहेत. उत्तरात ते वापरताना तुम्हीही ‘समजा’ असे लिहूनच वापरावेत.

पहिली पायरी : निकष आधी ठरवा

उत्तर तक्त्यात लिहायचे असेल तर तक्त्याला दोन नव्हे, तीन स्तंभ लागतात आणि पहिला स्तंभ निकषाचा असतो. हा स्तंभ गाळला की पहिल्या ओळीत एकीकडे खर्च आणि दुसरीकडे वेळ येतो, आणि कशाची कशाशी तुलना चालली आहे हे परीक्षकाला कळत नाही. भरती व निवड यांच्यातील फरकासाठी उद्देश, क्रम, प्रक्रियेचे स्वरूप, उमेदवारांच्या संख्येवर होणारा परिणाम आणि संस्था व उमेदवार यांच्यात निर्माण होणारे नाते, एवढे निकष पुरतात. भरतीत अर्जदारांची संख्या वाढवायची असते म्हणून तिला सकारात्मक प्रक्रिया म्हणतात. निवडीत अपात्र आणि कमी योग्य उमेदवार वगळत जायचे असते म्हणून तिला नकारात्मक म्हणतात. भरतीच्या टप्प्यावर कोणताही करार होत नाही. निवडीच्या शेवटी नियुक्तिपत्र दिले व स्वीकारले जाते आणि सेवेचा करार अस्तित्वात येतो. हा शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या उत्तरात नसतो, तो आवर्जून लिहावा.

या सगळ्याच्या मुळाशी कार्य विश्लेषण असते. लिपिकाने काय करायचे, म्हणजे रोख स्वीकारणे, व्हाउचर नोंदवणे, दिवसअखेर रोकड जुळवणे, हे कार्य वर्णनात येते. त्यासाठी काय लागते, म्हणजे वाणिज्य शाखेची पदवी, एमएस-सीआयटी प्रमाणपत्र, आकडेमोडीतील अचूकपणा, हे कार्य विनिर्देशात येते. जाहिरातीचा मजकूर विनिर्देशावरून, परीक्षेचे प्रश्न वर्णनावरून आणि वर्षअखेरच्या मूल्यमापनाचे घटकही वर्णनावरूनच ठरतात. तिन्ही घटकांना जोडणारा हा धागा उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत आला की पुढची तुलना अधांतरी राहत नाही.

दुसरी पायरी : भरतीचे स्रोत उताराच्या प्रमाणावर तोला

अंतर्गत स्रोत म्हणजे बढती, बदली, पूर्वीच्या कर्मचाऱ्यांना पुन्हा बोलावणे. बाह्य स्रोत म्हणजे जाहिरात, सेवायोजन कार्यालय, महाविद्यालयीन मुलाखती, नोकरीची संकेतस्थळे, विद्यमान कर्मचाऱ्यांच्या शिफारशी. शिफारशीचा स्रोत काही पुस्तके अंतर्गत मानतात तर काही बाह्य. येणारा उमेदवार बाहेरचा असल्याने मला तो बाह्य मानणे सयुक्तिक वाटते; मात्र उत्तरात एका वाक्यात कारण द्यावे म्हणजे वाद उरत नाही.

अंतर्गत भरती टाळते ती अनोळखी माणसाविषयीची चूक, कारण त्या कर्मचाऱ्याचे काम संस्थेने आधीच पाहिलेले असते. ती दोन नव्या अडचणीही निर्माण करते. शिपायाला लिपिक केले की शिपायाची जागा रिकामी होते, म्हणजे पद भरूनही बाहेरची भरती टळत नाही, ती फक्त खालच्या पायरीवर सरकते. शिवाय शिपाई म्हणून उत्तम असलेला माणूस लिपिक म्हणून उत्तम ठरेलच असे नाही, कारण त्याचे पाहिलेले काम वेगळ्या पदाचे होते. ‘खर्च कमी, मनोधैर्य वाढते’ एवढ्यावर उत्तर संपवणाऱ्यांनी हा दुसरा मुद्दा जोडला तर उत्तराचे वजन वाढते.

बाह्य स्रोतांची आपसांत तुलना करताना आपल्या पतसंस्थेचा हिशेब पाहू. समजा, वृत्तपत्रातील जाहिरातीतून ४२० अर्ज आले, जवळच्या दोन महाविद्यालयांतून १२० आणि कर्मचाऱ्यांच्या शिफारशींतून ६०, म्हणजे एकूण ६००. छाननीत ३०० पात्र ठरले, लेखी परीक्षेला २४० बसले, मुलाखतीला ६० जणांना बोलावले, १२ जण पसंत पडले, कागदपत्रे व संदर्भांच्या पडताळणीनंतर ९ जणांना नियुक्तिपत्रे गेली आणि ६ जण रुजू झाले. एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर किती जण पोहोचतात याला उताराचे प्रमाण म्हणू. येथे नियुक्तिपत्रे आणि रुजू होणारे यांचे प्रमाण ३ : २ आहे, आणि अर्ज व रुजू होणारे यांचे १०० : १. पुढच्या वर्षी ९ लिपिक हवे असतील आणि परिस्थिती फारशी बदललेली नसेल, तर साधारण ९०० अर्ज येतील इतकी व्याप्ती जाहिरातीला द्यावी लागेल, असा उलटा हिशेब यावरून करता येतो.

आता हेच प्रमाण स्रोतानुसार काढा. समजा, रुजू झालेल्या ६ जणांत प्रत्येक स्रोताचे दोन जण होते. म्हणजे जाहिरातीतून एक लिपिक मिळायला २१० अर्ज तपासावे लागले, महाविद्यालयांतून ६० आणि शिफारशीतून ३०. जाहिरातीचा खर्च ४२,००० रुपये धरला तर दरडोई २१,००० रुपये पडले. महाविद्यालयभेटींवर ९,००० रुपये गेले असतील तर दरडोई ४,५००. शिफारशीच्या बक्षिसापोटी ६,००० दिले असतील तर दरडोई ३,०००. एवढे पाहून शिफारस हाच सर्वोत्तम स्रोत असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. माणूस आपल्या ओळखीतल्या माणसाचीच शिफारस करतो. चार वर्षे असेच चालले की शाखेत एकाच गावचे आणि एकाच नात्यातले लोक दिसू लागतात, आणि रोकड हाताळणाऱ्या संस्थेत एकमेकांच्या चुका झाकण्याची शक्यता हा किरकोळ धोका नव्हे. जाहिरात महाग असली तरी संधी सर्वांसाठी खुली ठेवते. शासकीय नोकरीत तर हा ऐच्छिक प्रश्न नाहीच, कारण संविधानाच्या अनुच्छेद १६ नुसार सार्वजनिक सेवायोजनात सर्व नागरिकांना समान संधी द्यावी लागते.

तिसरी पायरी : निवडीतील दोन चुका वेगळ्या ओळखा

निवड पद्धतींच्या तुलनेत हा भाग सर्वात फलदायी आहे, आणि पाठ केलेल्या उत्तरांत तोच बहुधा नसतो. निवडीत दोन प्रकारे चूक होते. जो काम नीट करणार नाही त्याला घेतले, ही चुकीची निवड. जो काम उत्तम केले असते त्याला वगळले, हा चुकीचा नकार. पहिली चूक सहा महिन्यांत डोळ्यांसमोर येते, कारण रोकड जुळत नाही आणि खातेदारांच्या तक्रारी येतात. दुसरी कधीच दिसत नाही, कारण वगळलेला माणूस दुसरीकडे नोकरी करतो आणि त्याच्या कामाची नोंद आपल्याकडे नसते. त्यामुळे संस्था नकळत पहिलीच चूक कमी करत राहते. लेखी परीक्षेची पात्रता १०० पैकी ५० गुणांवरून ७० वर नेली की चुकीची निवड घटते आणि चुकीचा नकार वाढतो. फक्त गुणमर्यादा हलवून दोन्ही एकाच वेळी कमी होत नाहीत. त्यासाठी मापनाचे साधनच सुधारावे लागते.

साधन चांगले आहे की नाही हे ठरवणारे दोन निकष म्हणजे विश्वसनीयता आणि वैधता. तीच परीक्षा पुन्हा घेतली, किंवा दुसऱ्या परीक्षकाने गुण दिले, तरी निकाल जवळपास तोच येतो का, हा विश्वसनीयतेचा प्रश्न आहे. त्या गुणांचा पुढच्या प्रत्यक्ष कामाशी संबंध आहे का, हा वैधतेचा. वजनकाटा रोज न चुकता दोन किलो जास्त दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे पण वैध नाही, एवढे उदाहरण हा भेद स्पष्ट करायला पुरते. उत्तरात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेले तर गुण जाणारच.

आता पद्धती या निकषांवर ठेवा. वस्तुनिष्ठ लेखी परीक्षेची विश्वसनीयता चांगली असते, कारण उत्तरतालिका एकच असते. पण प्रश्न सामान्यज्ञानाचे असतील आणि काम रोकड जुळवण्याचे, तर वैधता तोकडी पडते. मोकळी मुलाखत दोन्ही निकषांवर कमजोर असते, कारण प्रत्येक उमेदवाराला वेगळे प्रश्न विचारले जातात आणि पहिल्या काही मिनिटांतच मत बनून जाते. रचनाबद्ध मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात आणि कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे हे आधी लिहून ठेवतात. तिचा पुढील कामगिरीशी असलेला संबंध मोकळ्या मुलाखतीपेक्षा अधिक असतो, हे संशोधनातून वारंवार दिसले आहे. आपल्या पतसंस्थेत असा प्रश्न विचारता येईल : ‘खातेदार रक्कम भरून बाहेर पडल्यावर ५०० रुपयांची एक नोट कमी असल्याचे तुमच्या लक्षात आले, तर तुम्ही पहिल्यांदा काय कराल?’ व्यवस्थापकाला लगेच कळवून नोंद करणाऱ्या उत्तराला पूर्ण गुण, स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसणाऱ्याला कमी गुण, असे आधीच ठरवलेले असते.

कार्य नमुना चाचणी याहून एक पाऊल पुढे जाते. उमेदवाराला ३० व्हाउचर आणि कोरे रोजकीर्दीचे पान देऊन एका तासात दिवसाची शिल्लक काढायला सांगितले, तर तो काम करू शकेल का याचा अंदाज बांधावा लागत नाही, काम समोरच दिसते. तिच्याही मर्यादा आहेत. एकेकाची चाचणी घ्यायला वेळ आणि माणसे लागतात, म्हणून ती २४० जणांची घेता येत नाही, शेवटच्या ६० जणांचीच घेता येते. शिवाय ज्याने हे काम कधी केलेले नाही, पण महिन्याभरात शिकला असता, त्याच्यावर ती अन्याय करते.

मुलाखत की लेखी परीक्षा असा प्रश्न आला तर एक ठोस घटना उपयोगी पडते. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि गट ब अराजपत्रित पदांच्या भरतीतील मुलाखती बंद केल्या. मुलाखतीतील व्यक्तिनिष्ठता आणि गैरप्रकाराला मिळणारा वाव हे त्यामागचे कारण होते. उच्च पदांसाठी मुलाखत कायम राहिली. यावरून पद कोणते आहे त्यानुसार पद्धतीचे वजन बदलते, हा मुद्दा उदाहरणासह मांडता येतो.

चौथी पायरी : मूल्यमापनाच्या पद्धती दोषांवरून लावा

कार्यमूल्यमापनाच्या दहा-बारा पद्धतींची यादी पाठ करण्यापेक्षा मूल्यमापकाचे दोष आधी समजून घ्यावेत, कारण बहुतेक पद्धती एखाद्या दोषावरचा उपाय म्हणूनच निघाल्या आहेत. आपले ६ लिपिक रुजू होऊन वर्ष झाले आहे आणि शाखाव्यवस्थापकाने त्यांना अचूकता, वेग, ग्राहकांशी वागणूक, वक्तशीरपणा आणि पुढाकार या पाच घटकांवर १ ते ५ गुण दिले आहेत, असे समजा. ही आलेखीय श्रेणी पद्धत. ती स्वस्त आणि सोपी आहे म्हणूनच सर्वत्र दिसते.

हा तक्ता हातात घेऊन दोष शोधता येतात. एखाद्या लिपिकाच्या आडव्या ओळीत पाचही घटकांना ५ गुण असतील तर संशय प्रभावळ दोषाचा, ज्याला विद्यार्थी हेलो इफेक्ट म्हणून ओळखतात : वागणूक गोड आहे म्हणून अचूकताही चांगलीच असणार, असे मूल्यमापक धरून चालतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये सैन्यातील अधिकाऱ्यांनी दिलेल्या गुणांवरून हा दोष दाखवला होता. उलट सहाही लिपिकांना सगळीकडे ३ गुण असतील तर तो मध्यप्रवृत्तीचा दोष असू शकतो, आणि सगळीकडे ४ व ५ असतील तर उदारतेचा. थोडक्यात, प्रभावळ एका माणसाच्या ओळीत दिसते. मध्यप्रवृत्ती आणि उदारता संपूर्ण तक्त्यात दिसतात. चौथा दोष तक्त्यात दिसतच नाही. तो अलीकडच्या घटनांचा असतो. मार्चमध्ये मूल्यमापन असेल तर फेब्रुवारीतली एक चूक वर्षभराच्या चांगल्या कामावर भारी पडते.

आता उपाय पाहा. सक्तीच्या वितरण पद्धतीत कर्मचारी ठरलेल्या टक्केवारीत, उदाहरणार्थ १०, २०, ४०, २० आणि १० अशा गटांत, वाटावेच लागतात. त्यामुळे सर्वांना मध्यम गुण किंवा सर्वांना उच्च गुण देणे अशक्य होते. मात्र प्रभावळ दोष तसाच राहतो, कारण गोड बोलणारा आता सर्वात वरच्या गटात जाऊन बसतो. शिवाय आपल्या ६ लिपिकांवर ही पद्धत चालवून पाहा : ६ चे १० टक्के म्हणजे ०.६ माणूस. लहान गटात हे वितरण लावताच येत नाही, आणि सहाही जण खरोखर चांगले असले तरी कोणाला तरी तळाशी ढकलावे लागते. मोठ्या संस्थांतही यावर नाराजी होती. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये आपली सक्तीच्या क्रमवारीची पद्धत बंद केली.

युग्म तुलना पद्धतीत प्रत्येक कर्मचाऱ्याची दुसऱ्या प्रत्येकाशी तुलना होते. तुलनांची संख्या n(n−1)/2 या सूत्राने येते. ६ लिपिकांसाठी १५ तुलना पुरतात, पण २० कर्मचारी असले तर १९० होतात आणि मूल्यमापक कंटाळून कसेही गुण देऊ लागतो. सूत्रासोबत हे दोन आकडे लिहिले की मर्यादा सिद्ध करायला वेगळे वाक्य लागत नाही.

अलीकडच्या घटनांच्या दोषावर निर्णायक घटना पद्धत हा उपाय आहे. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या या तंत्रात व्यवस्थापक वर्षभर कामातल्या विशेष चांगल्या व विशेष वाईट घटना तारखेसह टिपत जातो. अडचण अशी की नोंदी ठेवण्याचा कंटाळा येतो, आणि आला की वर्षअखेरीस शेवटच्या महिन्यातल्याच घटना आठवून लिहिल्या जातात; ज्या दोषावर उपाय, तोच मागच्या दाराने परत येतो. अशाच घटनांवरून पुढे वर्तनाधिष्ठित श्रेणी तयार झाली, जिला विद्यार्थी बार्स म्हणतात. तिच्यात ‘३ गुण’ या आकड्याऐवजी ‘रोकड जुळली नाही तर स्वतः तपासतो, पण अर्ध्या तासात व्यवस्थापकाला कळवत नाही’ असे वर्तनाचे वाक्य असते. दोन व्यवस्थापकांच्या ३ गुणांचा अर्थ मग जवळपास सारखा होतो. प्रत्येक पदासाठी अशी श्रेणी वेगळी तयार करावी लागत असल्याने ती वेळखाऊ व महाग ठरते.

उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन ही पद्धत पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली. वरिष्ठ आणि कनिष्ठ मिळून उद्दिष्टे ठरवतात आणि वर्षअखेरीस ती किती गाठली हे पाहिले जाते. ‘आवर्त ठेवीची ४० नवी खाती उघडणे’ हे उद्दिष्ट मोजता येते, म्हणून व्यक्तिनिष्ठता घटते. पण मोजता येते तेच उद्दिष्टात येते, आणि ग्राहकाशी सौजन्याने वागणे बाहेर राहते. दुसरे म्हणजे बाजारपेठेतल्या शाखेत ४० खाती सोपी असतात आणि लहान गावात १५ सुद्धा कठीण, त्यामुळे या पद्धतीवरून दोन लिपिकांची आपसांत तुलना करून बढती देणे अवघड होते. ३६० अंश मूल्यमापन वरिष्ठ, सहकारी, कनिष्ठ आणि ग्राहक यांची मते एकत्र करून एका व्यक्तीचा पूर्वग्रह पातळ करते. तिचा उपयोग कर्मचाऱ्याच्या विकासासाठी ठीक, पण पगारवाढ तिच्यावर बांधली की सहकारी एकमेकांना सांभाळून गुण देऊ लागतात.

गोपनीय अहवालाचा उल्लेख पारंपरिक पद्धतींत येतोच. त्याची मुख्य मर्यादा अशी की ज्याचे मूल्यमापन झाले त्यालाच ते कळत नाही. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या खटल्यात बढतीसाठी ‘अतिशय चांगला’ शेरा लागत होता आणि अर्जदाराला एका वर्षी ‘चांगला’ शेरा मिळाला होता, जो त्याला कळवलाच गेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा, मग तो प्रतिकूल नसला तरी, कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे असे सांगितले. हे एक उदाहरण गोपनीय अहवालाच्या पाच तोट्यांच्या यादीपेक्षा जास्त सांगते.

पाचवी पायरी : मूल्यमापन निवडीकडे परत नेऊन जोडा

दहा गुणांच्या प्रश्नात हा भाग लिहिला तर उत्तराला खोली येते. लेखी परीक्षेची वैधता तपासायची तर रुजू झालेल्यांचे परीक्षेतील गुण आणि वर्षानंतरचे मूल्यमापनाचे गुण शेजारी ठेवून संबंध पाहावा लागतो. आपल्या पतसंस्थेत परीक्षेत पहिला आलेला लिपिक मूल्यमापनात पाचवा आला, तर त्याचे दोन अर्थ निघतात : परीक्षा चुकीची होती, किंवा मूल्यमापन. व्यवस्थापकाच्या तक्त्यात प्रभावळ दोष असेल तर चांगल्या परीक्षेलाही आपण वाईट ठरवू. शिवाय ६ माणसांवरून निष्कर्ष काढणे धाडसाचे असते, आणि तेही फक्त निवडलेल्यांचेच. परीक्षेत कमी गुण मिळाल्याने वगळलेले त्या तक्त्यात नसतात, म्हणून संबंध प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

पाच गुणांच्या फरकाच्या प्रश्नाला तीन स्तंभांचा तक्ता, पाच निकष आणि खाली एका वाक्याचे उदाहरण पुरते. दहा गुणांना कार्य विश्लेषणावर दोन वाक्ये, नंतर तक्ता आणि त्याखाली निवडलेल्या दोन निकषांवर सविस्तर परिच्छेद लिहावेत. ‘चिकित्सक परीक्षण करा’ असे शब्द असतील तर तक्ता टाळावा आणि प्रत्येक पद्धतीच्या टाळलेल्या व केलेल्या चुका परिच्छेदांत मांडून, कोणत्या पदासाठी आणि किती कर्मचाऱ्यांसाठी ती योग्य ठरेल हे कारणासह लिहावे.